काका होडीवर जातात आणि जाळीही विणतात: नोंदणी कुठे करावी आणि कोणाच्या नावाने?

सागरतीर

नमस्कार. माझे काका मांद्र्याला राहतात, वय ५४. ते दुसऱ्याच्या होडीवर मासेमारीला जातात. होडी त्यांच्या मालकीची नाही. समुद्रावर जाणे नसते त्या दिवशी ते आसपासच्या होडीवाल्यांची जाळी विणून देतात आणि फाटलेली सांधून देतात, आणि त्याचे त्यांना वेगळे पैसे मिळतात. काकू ४९ वर्षांच्या असून घरी शिवणकाम करतात. धाकटा मुलगा २९ वर्षांचा, अविवाहित, लाकडी होड्यांची बांधणी आणि डागडुजी करतो. थोरला मुलगा सरकारी नोकरीत आहे. त्याचे लग्न झाले असून तो पर्वरीला वेगळा राहतो, परंतु त्याचे नाव अजून घरच्याच शिधापत्रिकेवर आहे.

एका सेवा केंद्रात आम्हाला सांगण्यात आले की तिघांचेही अर्ज पीएम विश्वकर्मा योजनेत भरून टाका. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की तुमच्या घरात सरकारी नोकर आहे, तेव्हा कोणालाच काही मिळणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. शिवाय मला खरी काळजी काकांच्या अपघात विम्याची आहे, आणि त्याविषयी कोणीच स्पष्ट बोलत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रापणकार मोरजी

काकांकडे ई-श्रम कार्ड आहे का? ते असेल तर दोन लाखांचा अपघात विमा आपोआप लागू होतो, वेगळे काही करावे लागत नाही. आमच्या वाड्यावर सगळ्यांनी २०२१ सालीच ते काढले आहे. आणि विश्वकर्मा योजनेत मच्छिमार हा व्यवसाय नाही, पण जाळी विणणारा आहे. त्यामुळे होडीवर जाणाऱ्या प्रत्येकाने जाळी विणणारा म्हणूनच नोंद करावी. जाळे कोणाला सांधता येत नाही?

निवृत्त सचिव

मी पंचायत सचिव म्हणून बरीच वर्षे काम केले आहे आणि अजूनही गावातील लोकांचे अर्ज पाहून देतो. रापणकार यांच्या म्हणण्यातील एक भाग बरोबर आहे, एक भाग जुना झालेला आहे.

सागरतीर, आपल्या घराचा विचार करताना आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. काही योजना माणसागणिक मिळतात, तर काही कुटुंबागणिक. विमा आणि निवृत्तिवेतन माणसागणिक असल्यामुळे ते घरातील प्रत्येकाने आपापल्या नावाने घ्यावेत. त्यात एकाने घेतल्याने दुसऱ्याचा हक्क जात नाही. पीएम विश्वकर्मा मात्र कुटुंबागणिक आहे. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला तिचा लाभ मिळतो, आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले अशी व्याख्या नियमातच दिलेली आहे.

या व्याख्येतून आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे निघतात. तिघांचे अर्ज भरण्याचा सल्ला चुकीचा आहे, कारण काका, काकू आणि अविवाहित धाकटा मुलगा हे एकच कुटुंब ठरते. सरकारी नोकरीची अट अर्जदाराला आणि त्याच्या कुटुंबीयांना लागू होते हे खरे, परंतु थोरला मुलगा विवाहित असल्यामुळे तो या व्याख्येत येत नाही. त्याच्या नोकरीमुळे आई-वडील अपात्र ठरत नाहीत. अडचण येईल ती शिधापत्रिकेमुळे, कारण अर्जात कुटुंबाची माहिती तिच्यावरूनच भरली जाते आणि त्याचे नाव अजून तेथे आहे. अर्ज भरण्यापूर्वी ते नाव वेगळे करून घेतले तर पुढचे खुलासे वाचतील.

आता विमा. ई-श्रमच्या नोंदणीबरोबर दोन लाखांचे संरक्षण मिळत होते, परंतु ते ३१ मार्च २०२२ पर्यंत झालेल्या अपघातांपुरते होते. आज ते कार्ड म्हणजे असंघटित कामगार म्हणून आपली नोंद असल्याचा पुरावा आहे. ते अवश्य असावे, पण त्यालाच विमा समजून स्वस्थ बसू नये. दोन लाखांचा अपघात विमा आज पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेतून बँकेमार्फत मिळतो. वय १८ ते ७०, वार्षिक हप्ता २० रुपये. तो चालू आहे की नाही हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पासबुक. मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यातून २० रुपये वजा झाल्याची नोंद दिसली तर १ जूनपासून पुढील ३१ मेपर्यंत संरक्षण आहे. त्या दिवसांत खात्यात पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो. मासेमारी बंदी तोंडावर आलेली असते, खाते रिकामे असते, आणि नेमके तेव्हाच हे घडते.

मच्छिमारांसाठी याहून मोठे संरक्षण मत्स्यसंपदा योजनेतील समूह अपघात विम्याचे आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, आणि अपघातानंतर रुग्णालयात दाखल झाल्यास २५ हजारांपर्यंत खर्च. हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात, मच्छिमाराला एक पैसाही द्यावा लागत नाही. परंतु मत्स्योद्योग खात्याने विमा कंपनीला दिलेल्या यादीत नाव असेल तरच हे संरक्षण लागू होते. होडीमालकाचे नाव होडीच्या नोंदणीमुळे खात्याकडे असते. काकांसारखा दुसऱ्याच्या होडीवर जाणारा माणूस मात्र कोणत्याच कागदावर नसू शकतो. म्हणून काकांनी आधार कार्ड, बँक पासबुक आणि आपण त्या होडीवर काम करतो असे होडीमालकाचे पत्र घेऊन खात्याच्या कार्यालयात जावे, आणि अर्ज देऊन न थांबता चालू वर्षाच्या यादीत नाव आहे का, हे विचारून यावे.

सेवा केंद्र बार्देश

मी असे अर्ज रोज भरतो, म्हणून प्रत्यक्ष पडद्यावर काय होते तेवढे सांगतो. विश्वकर्माच्या अर्जासाठी आधारशी जोडलेला मोबाइल अर्जदाराच्या हातात असावा लागतो आणि बोटांचा ठसाही जुळावा लागतो. जाळी विणणाऱ्यांचा अर्ज बहुतेक वेळा येथेच अडतो. नायलॉनचा दोरा वर्षानुवर्षे ओढून आणि खाऱ्या पाण्यात राहून अंगठा व तर्जनी इतकी गुळगुळीत झालेली असतात की यंत्राला रेषाच सापडत नाहीत. अशा वेळी हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि करंगळी किंवा अनामिका लावून पाहावी, कारण त्या बोटांवर दोऱ्याचा ताण कमी पडतो. तरीही जमले नाही तर आधार केंद्रात जाऊन ठसे नव्याने नोंदवावेत. तेथे डोळ्यांची नोंदही ताजी होते.

शिधापत्रिका नसेल तर कुटुंबातील सर्वांचे आधार क्रमांक मागितले जातात. नोंदणी विनामूल्य आहे. कोणी अर्जाचे पैसे मागितले तर देऊ नका. व्यवसाय निवडताना चालकाच्या भरवशावर राहू नका, पडद्यावर कोणते नाव निवडले ते स्वतः वाचा. एकूण १८ व्यवसाय आहेत आणि घाईत वरचा किंवा खालचा सहज निवडला जातो.

मच्छिमारांसाठी राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावरही नोंदणी चालू आहे. ती सप्टेंबर २०२४ पासूनची आहे. तेथे होडीमालकच नव्हे, तर खलाशी आणि मासे विकणाऱ्या बायकाही आपापल्या कामाप्रमाणे नोंद करू शकतात. काकांची तीही करून घ्या. मात्र ती नोंद म्हणजे विमा नव्हे, हे सचिवांनी ई-श्रमविषयी सांगितले तसेच येथेही लक्षात ठेवावे.

केपेची विणकर

मी हातमागावर कुणबी कापड विणते. मला पीएम विश्वकर्मामध्ये घेतले नाही. आधी सेवा केंद्रात सांगितले की विणकर चालतात, अर्ज गेला, आणि पंचायतीच्या तपासणीत परत आला. जाळे विणणारा कारागीर आणि साडी विणणारी नाही, हा कोणता न्याय? माझ्याकडे माग आहे, मी स्वतःच्या हातांनी काम करते. पुन्हा अर्ज करावा का?

निवृत्त सचिव

ताई, आपली तक्रार रास्त आहे, परंतु पुन्हा त्याच दाराने जाऊ नका. त्या १८ व्यवसायांत सुतार, होडी बांधणारा, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट, बाहुल्या-खेळणी करणारा, जाळी विणणारा वगैरे आहेत, पण हातमाग विणकर नाही. विणकरांसाठी वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या वेगळ्या योजना आहेत. आपल्या अर्जात बहुधा टोपल्या, चटया, झाडू आणि काथ्याकाम यांचा जो एकत्रित व्यवसाय आहे तो निवडला गेला असावा. पंचायतीने घरी माग पाहिला आणि अर्ज परत पाठवला. कोणी पुन्हा तेच करायला सांगितले तर नकार द्या.

आपल्याला लागते ते विणकराचे ओळखपत्र. चौथी हातमाग गणना २०१९-२० साली झाली आणि तीत ज्यांची नोंद झाली त्यांना ओळखपत्रे देण्यात आली. आपली नोंद तेव्हा झाली होती का? नसेल तर राज्याच्या हस्तकला, वस्त्रोद्योग व काथ्या संचालनालयात नव्याने ओळखपत्रासाठी अर्ज द्या, आणि सोबत मागाचा व त्यावर बसून विणत असतानाचा फोटो ठेवा. ते ओळखपत्र हाती आले की विणकर मुद्रा कर्जाचा मार्ग मोकळा होतो. त्यात व्याज ६ टक्के पडते आणि कर्जाच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त २५ हजार रुपये इतकी रक्कम सरकार भांडवल म्हणून घालते. विमा मात्र ओळखपत्राची वाट न पाहता बँकेतून आजच सुरू करा.

केपेची विणकर

गणना झाली तेव्हा मी प्रशिक्षण केंद्रात शिकत होते, घरी माग नव्हता. त्यामुळे नोंद नसावी. संचालनालयात जाऊन विचारते.

सागरतीर

सर्वांचे मनापासून आभार. शिधापत्रिकेचे काम थोरल्या भावाने हाती घेतले आहे. आता प्रश्न उरतो तो तिघांपैकी कोणी अर्ज करावा हा. धाकट्याचे काम वाढते आहे म्हणून त्याचे नाव द्यावे असे घरात वाटत होते, परंतु त्याने ३ वर्षांपूर्वी मुख्यमंत्री रोजगार योजनेतून कर्ज घेतले असून त्याचे हप्ते अजून चालू आहेत. याने फरक पडतो का? आणि काकांनी नुकतेच घरी सांगितले की ५४ व्या वर्षी कर्ज नको, १५ हजारांची अवजारे मिळाली तरी पुरे.

निवृत्त सचिव

फरक पडतो. केंद्राच्या किंवा राज्याच्या स्वयंरोजगाराच्या कर्जयोजनेतून अर्जदाराने गेल्या ५ वर्षांत कर्ज घेतलेले नसावे अशी अट आहे, आणि ती ५ वर्षे कर्ज मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजतात. मुद्रा आणि स्वनिधी यांचे कर्ज पूर्ण फेडलेल्यांना त्यातून सूट आहे. मुख्यमंत्री रोजगार योजनेचे नाव त्या सवलतीत नाही. तेव्हा धाकटा आणखी २ वर्षे तरी अर्ज करू शकत नाही. त्याचे लग्न झाल्यावर त्याचे कुटुंब वेगळे धरले जाईल आणि तोपर्यंत ही मुदतही संपलेली असेल, म्हणजे आज काका किंवा काकूंनी लाभ घेतल्याने त्याचे नुकसान होत नाही.

आता काका आणि काकू यांच्यात निवड करायची तर कर्ज कोणाला लागेल हे पाहा. पहिले कर्ज १ लाखापर्यंत, १८ महिन्यांसाठी, ५ टक्के व्याजाने मिळते. समान हप्ता धरला तर महिन्याला साधारण ५,७८० रुपये होतात आणि एकूण व्याज ४ हजारांच्या आसपास जाते. ते वेळेवर फेडल्यावर, आणि व्यवहार डिजिटल पद्धतीने केल्यास किंवा पुढील प्रशिक्षण घेतल्यास, २ लाखांचे दुसरे कर्ज ३० महिन्यांसाठी मिळू शकते. पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचे व्हाउचर हे दोघांपैकी कोणीही अर्ज केला तरी सारखेच मिळेल. कर्जाचा उपयोग मात्र ज्याला करायचा आहे त्याच्याच नावाने नोंद व्हावी, कारण कुटुंबातील ही एकच संधी आहे.

काकूंना शिवणकाम वाढवायचे असेल तर मी त्यांचेच नाव सुचवीन. चवथीआधी शिवणकामाला गर्दी असते आणि ते पैसे वर्षभराच्या हप्त्यांना आधार देतात. काकांची कमाई जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या बंदीत कमी होते. जाळ्यांचे काम त्याच दिवसांत वाढते हे खरे, पण त्याचे पैसे होडीवाले हंगाम सुरू झाल्यावर देतात, हे आपल्याला माहीतच असेल.

विम्याच्या बाबतीत काकांना त्यामुळे काही कमी पडणार नाही. त्यांचे दोन्ही अपघात विमे त्यांच्या स्वतःच्या नावाने असतील. मात्र एक मर्यादा सांगून ठेवतो. होडीवर हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू झाला तर तो अपघात धरला जात नाही. त्यासाठी जीवन ज्योती विमा आहे, वार्षिक ४३६ रुपयांचा, पण त्यात नव्याने प्रवेश ५० व्या वर्षापर्यंतच मिळतो. काकांचे ते वय उलटले आहे. काकू ४९ च्या आहेत, त्यांनी लगेच घ्यावा. धाकट्याचे मासिक उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर त्याने श्रमयोगी मानधनही पाहावे. २९ व्या वर्षी प्रवेश घेतल्यास महिन्याला १०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालते आणि साठीनंतर दरमहा ३ हजार मिळतात. काकांना ६० पूर्ण झाल्यावर दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज करता येईल. त्यासाठी गोव्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो.

रापणकार मोरजी

ई-श्रमच्या विम्याची मुदत संपल्याचे मला ठाऊक नव्हते. वाड्यावर सांगतो, कारण तेथे सगळे त्याच भरवशावर आहेत. पण जाळ्यांच्या बाबतीत माझे म्हणणे कायम आहे. आम्ही रापण ओढतो आणि आमची जाळी आम्हीच सांधतो. आम्ही जाळी विणणारे नाही, तर कोण?

सेवा केंद्र बार्देश

दादा, आपल्याला कौशल्य येते यात वाद नाही. योजना मात्र त्या व्यवसायावर स्वतंत्रपणे उपजीविका करणाऱ्यांसाठी आहे. आधी पंचायत, मग जिल्हा समिती आणि शेवटी छाननी समिती अशा तीन ठिकाणी अर्ज तपासला जातो, आणि प्रशिक्षणाच्या सुरुवातीला हाताचे कामही पाहतात. दुसऱ्यासाठी जाळी करून पैसे मिळवणाऱ्याला काही अडचण येत नाही.

निवृत्त सचिव

यात मी इतका कठोर होणार नाही. रापणीची जाळी सांधण्यात वर्षातील कित्येक आठवडे जातात आणि संघातील एक-दोन माणसे मुख्यतः तेच काम करतात. त्यांना जाळी विणणारा म्हणून पात्र धरावे असे माझे मत आहे. पंचायतीने तसे लिहून दिले तर जिल्हा समितीला विचार करावाच लागेल. मात्र ओढायला येणाऱ्या सगळ्यांनीच ती नोंद केली, तर खऱ्या कारागिरांचे अर्जही संशयाने पाहिले जातील.

सासष्टी

माझ्याही घरचा प्रश्न आहे. आमचे वडील कुंकळ्ळीला लाकडी खेळण्यांवर लाखेचे काम करतात. माझी बहीण अविवाहित आहे आणि एका सरकारी कार्यालयात कंत्राटी पदावर काम करते. तिच्यामुळे वडील अपात्र ठरतात का?

निवृत्त सचिव

बहीण कायम सेवेत असती तर उत्तर सरळ होते, वडील अपात्र ठरले असते. कंत्राटी पदाबाबत दोन प्रकारचे निर्णय मी पाहिले आहेत. तिचे नेमणूकपत्र कोणी दिले आहे, खात्याने की मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेने, ते आधी पाहा. संस्थेने दिले असेल तर वडिलांची बाजू बळकट आहे. खात्याने दिले असेल तर अर्ज भरण्याआधी जिल्हा समितीकडे लेखी विचारणा करा आणि उत्तर जपून ठेवा.

रापणकार मोरजी

अजून एक. होडी उलटली आणि माणूस सापडलाच नाही, तर त्या पाच लाखांचे काय?

निवृत्त सचिव

हा फार अवघड प्रश्न आहे. मृतदेह मिळाला तर पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला यांवर दावा उभा राहतो. पुष्कळ कुटुंबे दुःखाच्या भरात शवविच्छेदन नको म्हणतात आणि दावा तेथेच कोसळतो, म्हणून ते टाळू नये असे प्रत्येक वाड्यावर आधीच सांगून ठेवले पाहिजे. माणूस बेपत्ता असेल तर सर्वसाधारण कायद्यानुसार सात वर्षे काहीही खबर नसेल तेव्हाच मृत्यू गृहीत धरला जातो. त्या घराने सात वर्षे काय करायचे? पोलिसांत बेपत्ता असल्याची तक्रार, मत्स्योद्योग खात्याला त्याच दिवशी लेखी खबर आणि बरोबर असलेल्या खलाशांचे जबाब हे तिन्ही कागद असतील तर शासनाकडे लवकर निर्णयाची मागणी तरी करता येते. कोणाला गोव्यात असा दावा सात वर्षांच्या आत मंजूर झाल्याचे प्रत्यक्ष माहीत असेल तर त्यांनी येथे अवश्य लिहावे.

सागरतीर

पासबुके पाहिली. काकूंच्या पासबुकात मेअखेरीस २० रुपये वजा झालेले दिसतात, काकांच्या पासबुकात नाहीत. गेल्या वर्षीपर्यंत कापले जात होते, म्हणजे सचिवांनी सांगितले तसेच झाले. उद्या बँकेत जाऊन काकांचा विमा पुन्हा सुरू करतो आणि काकूंचा जीवन ज्योतीचा अर्जही देतो. होडीमालकांनी पत्र द्यायचे कबूल केले आहे. मत्स्योद्योग कार्यालयात सोमवारी जाणार आहोत. विश्वकर्मासाठी काकूंचे नाव ठरले असून शिधापत्रिका हातात आल्यावर अर्ज भरू. अर्ज पंचायतीकडे पोचल्यावर सरपंचांना स्वतः भेटावे लागते, की तो आपोआप पुढे जातो?

सेवा केंद्र बार्देश

आपोआप जात नाही. योजनेच्या संकेतस्थळावरील सरपंचांच्या खात्यातून तो मंजूर व्हावा लागतो आणि अनेक पंचायतींत ते खाते नियमित उघडलेच जात नाही. अर्ज भरल्यावर मिळालेला क्रमांक घेऊन आठवड्याभरात आपल्या पंचायतीच्या सचिवांना भेटा आणि आपल्यासमोर यादी उघडायला सांगा.